घरांचं उत्पन्न सांगताना मध्य घ्यावा की मध्यक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीच्या सांख्यिकीत मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला शिकवतात. त्यांतला कुठला कधी वापरायचा हे मात्र बऱ्याचदा राहून जातं. सोलापुरातल्या शिक्षकांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि प्रकल्पवही भरून देणाऱ्या पालकांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सरासरी म्हणजे इथे पुस्तकातला मध्य. उत्पन्नाचे आकडे वर्गात सोडवायला म्हणून रचलेले आहेत, खऱ्या गल्लीत जाऊन ते शोधू नयेत.

अकरा घरांची सरासरी २९,००० आली, पण त्यातल्या दहा घरांचं उत्पन्न त्याहून कमी आहे. गणित चुकलं का?

गणित बरोबर आहे. अशोक चौकाच्या मागे अकरा घरांची एक गल्ली आहे असं समजू. काही घरांत बायका विड्या वळतात, काही घरांतले पुरुष यंत्रमागावर जातात, एकजण रिक्षा चालवतो, एक खासगी शाळेत शिकवतो, एक पतसंस्थेत कारकून आहे, आणि कोपऱ्यावरच्या तीन मजली घराचा टॉवेलचा कारखाना आहे. घरटी महिन्याचं उत्पन्न चढत्या क्रमाने असं:

८,००० | ९,५०० | ११,००० | १२,००० | १३,००० | १५,००० | १६,५०० | १८,००० | २२,००० | २८,००० | १,६६,०००

बेरीज ३,१९,००० रुपये. भागिले ११ केलं की मध्य २९,०००. मध्यकासाठी बेरीज लागत नाही. चढत्या क्रमातलं मधलं, म्हणजे सहावं घर पाहायचं. त्याचं उत्पन्न १५,००० आहे. पाच घरं त्याच्या खाली, पाच वर.

२९,००० कमावणारं एकही घर या गल्लीत नाही. पतसंस्थेतला कारकूनही त्या आकड्याच्या खालीच राहतो. असं का होतं, ते मध्याचा अर्थ नीट धरला की कळतं. सगळ्या घरांनी आपलं उत्पन्न एका जागी आणून ठेवलं आणि ते समान वाटून घेतलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला जे येईल तो मध्य. अशा वाटपात दहा घरांचा फायदा होईल आणि एकाचं मोठं नुकसान. प्रत्यक्षात कुणी वाटत नाही, म्हणून २९,००० हा आकडा कुणाच्याच घरात सापडत नाही.

आता कारखान्याला बाहेरदेशची मोठी ऑर्डर मिळाली आणि त्या घराचं उत्पन्न १,६६,००० वरून ३,८६,००० झालं असं धरा. एकूण बेरीज २,२०,००० ने वाढली, म्हणजे मध्य २०,००० ने वाढून ४९,००० झाला. बाकीच्या दहा घरांत एक रुपयाही जास्त आला नाही. मध्यक तिथेच आहे, १५,०००. वर्गात हा भाग फळ्यावर करून दाखवला की पुढे फार बोलावं लागत नाही. मुलंच म्हणतात, “सर, गल्ली श्रीमंत झाली नाही, एक घर झालं.”

म्हणजे उत्पन्नासाठी नेहमी मध्यकच घ्यायचा?

नाही. “विदा एका बाजूला झुकली की मध्यक” असं पाठ करून आलेल्या मुलांची इथेच गडबड होते. विदा म्हणजे जमवलेले आकडे, आणि ती झुकली म्हणजे ते मधल्या आकड्याच्या एका बाजूला जास्त लांबवर पसरले. आकडे कसे पसरलेत हे पाहायचंच, पण त्याआधी आपल्याला काय विचारलंय ते पाहायचं.

प्रश्न “या गल्लीतलं साधारण घर कसं आहे?” असा असेल तर मध्यक. समजा, याच गल्लीत कुणाला किराणा दुकान टाकायचं आहे. घरटी २९,००० उत्पन्न आहे असं धरून त्याने तेलाचे पंधरा किलोचे डबे भरले, तर ते पडून राहतील. गिऱ्हाईक १५,००० च्या आसपासचं आहे आणि ते अर्ध्या लिटरची पिशवी मागणार. कारखानदाराच्या घरी एक डबा जाईल एवढंच.

प्रश्न “एकूण किती?” असा असेल तर मध्य लागतो, विदा कितीही झुकलेली असली तरी. उत्पन्न बाजूला ठेवून पाण्याचं उदाहरण घेऊ. सोलापूरकरांना पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही, उजनीच्या पातळीची बातमी आपण हवामानाच्या आधी वाचतो. एका वस्तीत ४०० घरं आहेत. बहुतेक घरं रोज ४५० लिटरच्या आसपास पाणी वापरतात आणि मध्यकही ४५० च आहे. पण थोडे बंगले, एक मंगल कार्यालय आणि एक लॉज बरंच जास्त वापरतात, त्यामुळे मध्य ६०० लिटर निघतो. वस्तीला रोज किती पाणी सोडावं लागेल? ४०० गुणिले ६००, म्हणजे २,४०,००० लिटर. मध्यक घेऊन गुणाकार केला तर १,८०,००० येतील आणि ६०,००० लिटर कमी पडतील. मोठ्या गिऱ्हाइकांचं पाणी साधारण घराचं वर्णन बिघडवतं हे खरं, पण टाकीतून ते खरोखरच जातं.

मध्याला संख्येने गुणलं की एकूण परत मिळते, मध्यकाला गुणून ती मिळत नाही. कर किती जमेल, अनुदानाला किती पैसे लागतील, किती धान्य आणावं लागेल, असे हिशोब म्हणूनच मध्यावर चालतात.

उत्पन्नाची विदा नेहमी उजवीकडेच का झुकते?

लहान आकडे डावीकडे आणि मोठे उजवीकडे मांडले तर डावीकडे भिंत आहे, उजवीकडे नाही. मजुरीचं उत्पन्न शून्याच्या खाली जात नाही, आणि घर चालायचं तर शून्याच्या फार जवळही ते बराच काळ राहू शकत नाही. वरच्या बाजूला मर्यादा नसते.

दुसरं कारण थोडं आतलं आहे. उत्पन्नातले बदल बरेचदा टक्क्यांत होतात. ८,००० वर दहा टक्के म्हणजे ८००, १,६६,००० वर दहा टक्के म्हणजे १६,६००. अशी वाढ वर्षानुवर्षं होत राहिली की खालची घरं एकमेकांजवळ राहतात आणि वरची पांगत जातात. त्यात विडीची मजुरी हजार विड्यांच्या दराने मिळते, तेव्हा दोन हातांनी दिवसात किती वळून होईल यालाच मर्यादा आहे. कारखान्याच्या नफ्याला तशी मर्यादा नाही, तिथे माग वाढवता येतात.

विदा झुकलेली आहे हे आकडेमोड करण्याआधी कसं ओळखायचं?

चढत्या क्रमात लावा आणि मधल्या घरापासून दोन्ही टोकं किती लांब आहेत ते पाहा. आपल्या गल्लीत १५,००० पासून खालचं टोक ७,००० ने लांब आहे आणि वरचं १,५१,००० ने.

पण टोकाचं घर एकटंच असू शकतं, म्हणून एवढ्यावर थांबू नये. अकरा घरांत खालून तिसरं आणि वरून तिसरं घर घ्या: ११,००० आणि २२,०००. मधल्या घरापासून खाली ४,००० आणि वर ७,०००. म्हणजे कारखाना नजरेआड केला तरी गल्लीचा मधला भागही उजवीकडेच ओढलेला आहे. नुसता एक मोठा आकडा आणि खरोखर झुकलेली विदा यांतला फरक असा दिसतो.

याच वर्गातल्या मुलांची उंची मोजली तर मध्य आणि मध्यक बहुधा एक-दोन सेंटिमीटरच्या आत येतील. तिथे मध्य वापरा. प्रत्येक मुलाची उंची त्यात मोजली जाते आणि पुढच्या आकडेमोडीलाही तो सोयीचा पडतो.

मध्य मध्यकापेक्षा मोठा असेल तर विदा उजवीकडे झुकलेली, हा नियम पक्का आहे का?

उत्पन्नाच्या बाबतीत तो जवळपास नेहमी खरा ठरतो, पण सिद्ध करता येईल असा नियम नाही. लहान पूर्णांकांच्या विदेत तो सहज मोडतो. १९ घरांत कमावती माणसं किती ते मोजलं: ८ घरांत एक, १० घरांत दोन आणि एका एकत्र कुटुंबात पाच. बेरीज ३३, मध्य सुमारे १.७४. मध्यक दहाव्या घराचा, म्हणजे २. शेपूट उजवीकडे आहे, पाचाकडे, तरीही मध्य मध्यकापेक्षा लहान. म्हणून झुकाव आकड्यांत किंवा स्तंभालेखात बघावा, मध्य आणि मध्यकाच्या तुलनेवरून त्याचा अंदाज तेवढा घ्यावा.

असाच एक सूत्राचा प्रश्न येतो: बहुलक = ३ × मध्यक − २ × मध्य. आपल्या गल्लीसाठी हे करून पाहा. ४५,००० वजा ५८,०००, म्हणजे बहुलक उणे १३,००० रुपये! विदा थोडीशीच झुकलेली असेल तेव्हाच्या अनुभवावर बसवलेलं हे सूत्र आहे. घरांच्या उत्पन्नावर ते लावू नये.

कारखानदाराचं घर यादीतून काढून टाकलं तर चालेल का?

ते काढलं तर मध्य १५,३०० होतो, मध्यक १४,०००, आणि सगळं कसं छान जुळून आल्यासारखं वाटतं. पण ते घर गल्लीत आहे. आकडा गैरसोयीचा आहे एवढ्यासाठी घर पुसता येत नाही. तो आकडा खरा असेल तर तो ठेवायचा आणि मध्यक सांगायचा. मोठ्या आकड्याला न काढताही मध्यक हलत नाही, त्याचा उपयोग तोच आहे.

काढायचा किंवा दुरुस्त करायचा तो चुकलेला आकडा. तो ओळखायला एक सवय पुरते: सर्वांत मोठ्या आकड्यांपाशी थांबून, हा महिन्याचा की वर्षाचा असं विचारणं. सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. सगळी घरं महिन्याचं उत्पन्न सांगत असतात आणि एखादं घर वर्षाचे १,८०,००० लिहितं. ते खरं म्हणजे १५,००० वालं घर असतं. अशी एखाद-दुसरी चूक मध्यक पचवतो, मध्य नाही. पण अर्ध्याअधिक घरांनी वर्षाचा आकडा दिला तर मध्यकही गेला. त्यामुळे प्रश्नावलीत “दर महिन्याचं” हे शब्द ठळक हवेत.

उलट्या बाजूची चूक लवकर दिसत नाही. ज्यांना पगार आठवड्याला मिळतो त्यांचा आकडा मुलं चारने गुणतात. वर्षात ५२ आठवडे आणि १२ महिने, म्हणजे महिन्यात सव्वाचारहून थोडे जास्त आठवडे. आठवड्याचे २,००० असतील तर महिन्याचे ८,००० नव्हे, सुमारे ८,६६७ होतात. ही चूक एकाच घराची नसते, आठवड्याच्या पगारावरच्या सगळ्या घरांचा आकडा ती एकाच दिशेने खाली ओढते. अशा चुकीपुढे मध्यकाचाही इलाज चालत नाही.

आमच्याकडे सुटे आकडे नाहीत, वर्गीकृत सारणी आहे. शेवटचा वर्ग “५०,००० व त्याहून जास्त” असा आहे. मध्य कसा काढायचा?

प्रामाणिक उत्तर असं की नीट काढता येत नाही. का, ते पूर्ण सोडवून पाहू. साठ घरांची सारणी अशी आहे:

| महिन्याचं उत्पन्न (रुपये) | घरं | संचित वारंवारता |
|---|---|---|
| १०,००० पेक्षा कमी | ९ | ९ |
| १०,००० – २०,००० | २४ | ३३ |
| २०,००० – ३०,००० | १३ | ४६ |
| ३०,००० – ४०,००० | ६ | ५२ |
| ४०,००० – ५०,००० | ३ | ५५ |
| ५०,००० व जास्त | ५ | ६० |

मध्यकाचं सूत्र पाठ्यपुस्तकातलंच:

```
L + ((N/2 − cf) / f) × h
```

N ६० आहे, त्याचा अर्धा ३०. संचित वारंवारता ३० ला प्रथम ओलांडते ती दुसऱ्या वर्गात, म्हणून मध्यक वर्ग १०,००० – २०,०००. L म्हणजे १०,०००, cf म्हणजे त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता ९, f म्हणजे २४, h म्हणजे १०,०००. कंसात २१ भागिले २४. ते १०,००० ने गुणून ८,७५०. मध्यक १८,७५०. (उत्तर १०,००० च्या खाली आलं असेल तर cf म्हणून ३३ घेतले गेलेत. ही चूक दर वर्षी होते, आणि मध्यक मध्यक वर्गाच्या बाहेर गेला की ती लगेच ओळखू येते.)

आता मध्य. वर्गमध्य ५,००० पासून ४५,००० पर्यंत घेऊन पहिल्या ५५ घरांची बेरीज १०,७५,००० येते. शेवटच्या पाच घरांना वर्गमध्य कुठला द्यायचा? वरच्या वर्गांसारखाच हाही १०,००० रुंदीचा धरून कुणी ५५,००० घेतो. त्याने एकूण १३,५०,००० आणि मध्य २२,५००. पण ही पाच घरं खरोखर सरासरी १,१५,००० कमावणारी असली तर एकूण १६,५०,००० आणि मध्य २७,५००. सारणी तीच, वारंवारता त्याच, आणि उत्तरात ५,००० चा फरक. तो सगळा आपण मनाने धरलेल्या एका आकड्यातून आला. वरच्या घरांचं उत्पन्न किती जास्त आहे ही माहिती सारणीत नाहीच, तर ती मध्यात उतरणार कुठून?

मध्यकाला ती माहिती लागत नाही. पाच घरं ३० व्या घराच्या वर आहेत एवढं कळलं की त्याचं काम झालं. त्यालाही एक गृहीतक आहे: मध्यक वर्गातली २४ घरं १०,००० ते २०,००० मध्ये सारख्या अंतराने पसरली आहेत असं सूत्र धरून चालतं. तसं नसेल तर १८,७५० हे उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, पण वर्गाच्या बाहेर जाणार नाही.

वर्तमानपत्रात दरडोई उत्पन्न वाचतो. आमच्या ओळखीत कुणाचंच तेवढं का नसतं?

दरडोई उत्पन्न हा मध्य आहे. राज्याचं किंवा जिल्ह्याचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या. वरच्या काही घरांचं आणि कंपन्यांचं उत्पन्न त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे तो मधल्या माणसाच्या वर बसतो. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत तयार होणारं मूल्यही त्या बेरजेत जातं, मग ते कुणाच्याही हातात पडो. शिवाय तो आकडा वर्षाचा असतो आणि तान्ह्या बाळालाही एक डोकं मोजतो, म्हणून महिन्याच्या घरटी उत्पन्नाशी त्याची थेट तुलना होत नाही.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीतला दरमहा दरडोई खर्च, ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये, हाही मध्यच. खर्च उत्पन्नापेक्षा कमी झुकलेला असतो, कारण श्रीमंत घर वाढीव उत्पन्नातला बराच भाग खर्च न करता साठवतं. तरी झुकाव त्यातही राहतोच. अमेरिकेचं जनगणना कार्यालय घरांच्या उत्पन्नाची बातमी देताना मध्यक पुढे ठेवतं. युरोपीय संघात गरिबीच्या धोक्याची रेषा मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर आखतात. ती मध्यावर आखली असती तर वरच्या घरांचं उत्पन्न वाढताच रेषा वर सरकली असती, आणि खाली काहीही न बदलता गरीब वाढल्यासारखे दिसले असते.

‘अ’ तुकडीचा मध्यक आणि ‘ब’ तुकडीचा मध्यक माहीत आहे. दोन्हींची सरासरी काढून शाळेचा मध्यक सांगता येईल का?

नाही. ‘अ’ मधली तीन घरं ८,०००, ९,००० आणि ३०,००० ची, मध्यक ९,०००. ‘ब’ मधली १०,०००, ४०,००० आणि ४५,००० ची, मध्यक ४०,०००. दोन मध्यकांची सरासरी २४,५००. सहाही घरं एका रांगेत लावा: मधली दोन १०,००० आणि ३०,०००, खरा मध्यक २०,०००. मध्यकासाठी मूळ याद्या परत एकत्र कराव्या लागतात. मध्यांचं तसं नाही. प्रत्येक तुकडीचा मध्य आणि मुलांची संख्या ठाऊक असेल तर एकूण मध्य बिनचूक निघतो.

मध्यक फसवतो असं कधी होतं?

दोन प्रसंग सांगतो. दोन्ही प्रकल्पांत येतात.

पहिला, विदेत दोन वेगळे गट असताना. विडी घरकुलातली पाच घरं ९,०००, १०,०००, ११,०००, १२,००० आणि १४,००० ची, आणि जुळे सोलापुरातली पाच घरं ६०,०००, ६२,०००, ६५,०००, ६८,००० आणि ७५,००० ची एकाच यादीत घेतली. मधली दोन १४,००० आणि ६०,०००, मध्यक ३७,०००. एवढं उत्पन्न असलेलं घर दोन्ही वस्त्यांत नाही. आणि यादीत १२,००० चं एकच घर वाढवलं तर मध्यक १४,००० वर कोसळतो, त्याऐवजी ६४,००० चं वाढवलं तर ६०,००० वर चढतो. मध्य मात्र ३८,६०० वरून पहिल्या वेळी सुमारे ३६,२०० आणि दुसऱ्या वेळी सुमारे ४०,९०० एवढाच हलतो. मध्यक नेहमीच स्थिर असतो हा समज इथे मोडतो. विदेच्या मधोमध पोकळी असेल तर मध्यक त्या पोकळीच्या काठावर उभा असतो. पण स्थिर आहे म्हणून इथे मध्यही बरा नाही, ३८,६०० वालंही कुणी नाही. दोन गट वेगळे सांगायचे.

दुसरा, खालच्या घरांची परिस्थिती बदलते तेव्हा. अशोक चौकामागच्या गल्लीत खालच्या पाच घरांचं उत्पन्न कामाअभावी निम्मं झालं असं समजा. ८,००० ची ४,००० झाली, १३,००० ची ६,५००. मध्यक १५,००० च राहील. कारखानदाराच्या वाढीकडे ज्या कारणाने तो बघत नव्हता, त्याच कारणाने तो या घसरणीकडेही बघत नाही. मध्य २९,००० वरून सुमारे २६,५७० वर येईल, पण हे कुणामुळे झालं ते तोही सांगणार नाही. प्रश्न गरीब घरांचा असेल तर खालून तिसऱ्या घराचा आकडा वेगळा द्यावा. तो ११,००० वरून ५,५०० झालेला लगेच दिसतो.

संगणकावर काढताना काय सांभाळायचं?

आकडे B2 ते B12 मध्ये असतील तर:

```
=AVERAGE(B2:B12)
=MEDIAN(B2:B12)
=COUNT(B2:B12)
```

तिसरी ओळ लोक लिहीत नाहीत, आणि गडबड तिथेच होते. एखाद्या चौकटीत “15000 रु.” असं लिहिलं तर तो मजकूर धरला जातो आणि पहिली दोन्ही सूत्रं तो न सांगता वगळतात. COUNT ११ ऐवजी १० दाखवत असेल तर तो आकडा शोधा. रिकामी चौकट आणि शून्य यांतही फरक आहे: शून्य मोजलं जातं, रिकामी चौकट नाही. घरात या महिन्यात खरंच काही आलं नसेल तर 0 लिहा, उत्तर मिळालं नसेल तर रिकामं सोडा. क्रम लावायची गरज नाही, MEDIAN तो स्वतःच लावतं. वहीत करताना मात्र न लावता मधला आकडा उचलणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

बहुलक कुठेच का नाही?

सुट्या उत्पन्नांत तोच आकडा क्वचित परत येतो, त्यामुळे बहुलकाला अर्थ राहत नाही. जिथे तो कामाचा आहे ती जागा आपल्या बाजार समितीत आहे. कांद्याच्या भावपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. त्यातला सर्वसाधारण दर बहुलकाच्या जातीचा आहे, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो.

परीक्षेत “कोणते परिमाण योग्य?” असं विचारलं तर किती लिहायचं?

नाव आणि एका वाक्यात कारण. “मध्यक, कारण एका घराचं उत्पन्न इतरांपेक्षा फार जास्त आहे आणि साधारण घराचं उत्पन्न विचारलं आहे.” दुसरा अर्धा भाग सोडू नये.

हा पाठ घेताना मुलांना त्यांच्या घरचं उत्पन्न विचारावं का?

वर्गात, तोंडी, अजिबात विचारू नका. विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा एकाच बाकावर बसतात, आणि दोघंही खरा आकडा सांगणार नाहीत. वेगवेगळ्या कारणांनी.

अकरा मुलांना रचलेल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या देऊन चढत्या क्रमाने उभं करणं पुरतं. दोन्ही टोकांची मुलं जोडीजोडीने बसवत जा, शेवटी उभा राहतो तो मध्यक. मग शेवटच्या मुलाची चिठ्ठी बदलून ३,८६,००० ची द्या आणि पुन्हा जोड्या बसवा. तोच मुलगा उभा राहतो. त्यानंतर सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज फळ्यावर करून समान वाटून दाखवा आणि कुणाची चिठ्ठी फायद्यात गेली ते हात वर करून विचारा.

खरी विदा हवीच असेल तर बिननावाच्या छापील चिठ्ठीवर वरच्या सारणीतले सहा वर्ग द्या आणि पालकांना घरीच एका चौकटीत खूण करायला सांगा. चिठ्ठ्या बंद डब्यात गोळा करा. वरचा वर्ग उघडाच ठेवा. ५०,००० च्या पुढे नेमकं किती हे कुणालाही सांगावं लागत नाही, आणि मध्यकाला ते लागतही नाही.